बारावीच्या वर्गातला वादविवाद: रुग्णाने मागितलं तर मरण द्यावं का?

मांडवीकाठ
मी डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात बारावी कला शाखेला शिकवते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वर्गात वादविवाद घ्यायचाय. विषय असा: "असाध्य आजारी रुग्णाने स्वतः विनंती केल्यास त्याचे जीवन संपवण्यास कायद्याने परवानगी असावी." एक बाजू माणसाच्या स्वतःवरच्या हक्काची, दुसरी जीविताच्या पावित्र्याची.

गेल्या वर्षी हाच विषय घेतला होता आणि तो सपशेल पडला. अनुकूल बाजूच्या पाचही जणांनी अरुणा शानबागचंच उदाहरण दिलं. प्रतिकूल बाजूची पाचही मुलं "जीवन देवाने दिलंय, तोच नेणार" असं म्हणून खाली बसली. वीस मिनिटांत सगळं संपलं, मग टाळ्या आणि मतदान. अनुकूल बाजू जिंकली, कारण त्यांच्यात रडवणारी एक मुलगी होती.

यंदा दोन्ही बाजूंना सारखं अवघड जावं अशी इच्छा आहे. वर्गात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळी मुलं आहेत. प्राचार्य जरा घाबरलेत. कसं करू?

खरं_ते_बोल
बाई, या विषयात वाद कसला राहिलाय? सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच इच्छामरण कायदेशीर केलं. आणि गोवा तर त्यात पहिलं राज्य, आपल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी स्वतःच आपल्या लिव्हिंग विलवर सही केली. आपल्या परंपरेत भीष्म आहेत, विनोबा आहेत. प्रतिकूल बाजूला बोलायला काहीच उरत नाही. दुसरा विषय घ्या.

वागातोरचा बाबू
न्यायमूर्तींनी सही केली ते मीही वाचलं होतं. पण मला एक सांगा, गोव्यात मृत्युपत्र करताना निम्मी मालमत्ता मुलांना ठेवावीच लागते ना? पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे तो. मग या नव्या विलमध्ये पूर्ण घर पुतण्याला देता येतं का? आणि ते सब-रजिस्ट्रारकडेच करायचं की साध्या नोटरीकडे चालतं?

पणजीचा काळा कोट
बाबूबाब, तुमचं मृत्युपत्र वेगळं आणि हे वेगळं. तुमचं तुम्ही गेल्यावर लागू होतं आणि त्यात घर, भाट, सोनं येतं. लिव्हिंग विल तुम्ही जिवंत असताना, पण बोलण्याच्या अवस्थेत नसताना लागू होतं. त्यात एवढंच येतं की मला कुठले उपचार नकोत आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं. पुतण्याला घर देण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

खरं_ते_बोल, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गडबड आहे. 9 मार्च 2018 च्या निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दोन गोष्टी मान्य केल्या. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही एक. बरं होण्याची आशा नसताना मरण फक्त लांबवणारे उपचार थांबवता येतात आणि तशी इच्छा आधी लिहून ठेवता येते, ही दुसरी. 31 मे 2024 ला पर्वरीला न्यायमूर्ती सोनक यांनी नोंदवलं ते हेच, लिव्हिंग विल. रुग्णाने मागितलं म्हणून डॉक्टरने इंजेक्शन देऊन जीव घेणं याला भारतात कुठेही परवानगी नाही. पूर्वीच्या दंडसंहितेत होतं तेच नव्या न्याय संहितेतही आहे. अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीने त्याचा जीव घेतला तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध मात्र ठरतो. म्हणजे विनंतीमुळे गुन्ह्याची पायरी उतरते, गुन्हा पुसला जात नाही.

बाईंचा विषय "जीवन संपवण्यास परवानगी असावी" असा आहे. म्हणजे वादाला पूर्ण जागा आहे.

खरं_ते_बोल
बरं, विनोबांचं काय मग? शेवटच्या आजारात, नोव्हेंबर 1982 मध्ये, त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही सोडलं. कोणावर गुन्हा दाखल झाला?

पणजीचा काळा कोट
कोणावर आणि कशाचा करणार? विनोबांनी पवनारला कोणाला काही करायला सांगितलं नव्हतं, देऊ नका एवढंच सांगितलं. तुमच्या उदाहरणात मागणारा आणि नाकारणारा एकच माणूस आहे. बाईंच्या विषयात एक मागतो आणि दुसऱ्याने करायचं असतं. त्या दुसऱ्याचा हात कायद्याला दिसतो. आणि संथारा, म्हणजे जैनांचं सल्लेखना व्रत, त्यावर तर न्यायालयांचंच एकमत नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये ते बेकायदा ठरवलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ. अठरा वर्षं गोव्यातल्या आयसीयूंमध्ये काढली आहेत, दिवसाच्या आणि जास्त करून रात्रीच्या.

मांडवीकाठ, गेल्या वर्षीचा वाद पडला तो मुलांमुळे नाही, उदाहरणामुळे. अरुणा शानबाग तुमच्या विषयात बसतच नाहीत. नोव्हेंबर 1973 मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि मे 2015 मध्ये त्या गेल्या. या साऱ्या काळात त्यांनी कशाचीही विनंती केली नाही, करण्याच्या अवस्थेतच नव्हत्या. शेवटचे काही दिवस सोडले तर त्या व्हेंटिलेटरवरही नव्हत्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका त्यांना कुस्करलेलं अन्न भरवत. अन्न बंद करा अशी याचिका केली ती एका पत्रकार लेखिकेने. 2011 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षं सांभाळणाऱ्या रुग्णालयातल्या लोकांचा, असं न्यायालयाने म्हटलं, आणि त्या लोकांना तर त्या जगायला हव्या होत्या. आता सांगा, स्वायत्ततेच्या बाजूने हे उदाहरण देता येईल का? उलट प्रतिकूल बाजू ते वापरू शकते: बाहेरची माणसं "हिचं आयुष्य कसलं" असं ठरवायला किती पटकन तयार होतात, आणि रोज अंघोळ घालणारी माणसं कशी होत नाहीत.

तुम्हाला असा रुग्ण हवा जो पूर्ण शुद्धीवर आहे, बोलतोय, स्वतः मागतोय. मी एक सुचवतो. मोटर न्यूरॉनचा आजार, ज्याला आम्ही एएलएस म्हणतो. हातपाय, जीभ, घसा, शेवटी श्वासाचे स्नायू, असं एकेक जातं. बहुतेकांची बुद्धी शाबूत राहते. आजार सुरू झाल्यापासून साधारण दोन ते पाच वर्षं मिळतात, काहींना बरीच जास्त. हॉकिंग पन्नासहून अधिक वर्षं जगले, पण त्यांच्याकडे बघून अंदाज बांधू नये.

समजा साठीचा एक पदेर आहे. चाळीस वर्षं भट्टीवर पाव भाजले. आधी पीठ मळताना उजव्या हाताची पकड सुटायला लागली, मग जीभ जड झाली. आता गिळताना ठसका लागतो आणि रात्री आडवं झालं की श्वास पुरत नाही, म्हणून नाकातोंडावर मास्क बांधून बायपॅपचं मशीन लावतात. याच्यापुढे तीन वळणं येणार आहेत, आणि तीनही ठिकाणी तो काहीतरी मागू शकतो.

पहिलं: मास्क पुरेनासा होईल तेव्हा घशाला भोक पाडून कायमचा व्हेंटिलेटर लावायचा की नाही. तो म्हणतो, नको.
दुसरं: दिवसरात्र मास्कवर अवलंबून असताना तो म्हणतो, आता हे मशीन काढा. काढताना गुदमरल्यासारखं होऊ नये म्हणून आधी झोपेचं आणि दम कमी करणारं औषध द्यावं लागतं, नाहीतर ते क्रौर्य होईल.
तिसरं: यातलं काहीच घडायच्या आधी, अजून दोन वाक्यं बोलता येतायत तेव्हा, तो म्हणतो, मला आत्ताच इंजेक्शन देऊन मोकळं करा.

मुलांना विचारा, तुमची रेघ कुठे? अनुकूल बाजूला तिसऱ्याचं समर्थन करावं लागेल. पण प्रतिकूल बाजूनेही पहिल्या दोनांबद्दल काय ते सांगायलाच हवं. जीव पवित्र म्हणून पदेराच्या इच्छेविरुद्ध त्याचा घसा कापणार का?

फातोर्ड्याचा रुझार
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बाजूकडे फार आधीपासून आहे. मी पेडण्याला मराठी शाळेत शिकलो, नंतर तीन वर्षं सेमिनरीत होतो. पाद्री झालो नाही, पण वाचलेलं विसरलो नाही. पायस बारावे पोप 1957 मध्ये डॉक्टरांपुढे बोलताना म्हणाले होते की जीव वाचवण्यासाठी नेहमीचे उपाय करणं हे कर्तव्य, पण रुग्णावर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय बंधनकारक नाहीत. वेदना शमवायला दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी, हेतू वेदना शमवण्याचा असेल तर ते चालतं, हेही त्यांनीच सांगितलं. 1980 मध्ये व्हॅटिकनने तेच अधिकृतपणे मांडलं.

तेव्हा जीविताचं पावित्र्य म्हणजे शेवटपर्यंत मशीन लावून ठेवणं, असा अर्थ आमच्याकडेही कोणी लावत नाही. पदेराने पहिल्या वळणाला नको म्हटलं तर धर्मगुरू त्याच्याशेजारी बसून प्रार्थना करील. दुसऱ्या वळणावर आमच्यातही वाद होईल. तिसऱ्यावर ठाम नाही. कारण तिथे मरण हा परिणाम नाही, तोच हेतू आहे.

प्रतिकूल बाजूच्या मुलांना "देवाने दिलंय" इथे थांबू देऊ नका. हेतू आणि परिणाम यातला फरक त्यांना मांडायला लावा. त्याला देव न मानणाराही उत्तर देऊ शकतो, म्हणून तो वादात टिकतो.

खरं_ते_बोल
पण मशीन काढलं की माणूस मरणार हे डॉक्टरला पक्कं माहीत असतं. मग हेतू वेगळा म्हणून काय फरक पडला? मेलेला दोन्हीकडे मेलेलाच.

फातोर्ड्याचा रुझार
हाच प्रश्न अनुकूल बाजूला द्या. अवघड आहे. माझं उत्तर असं: मशीन काढल्यावर आजार मारतो, आणि एखादा अनपेक्षितपणे जगला तर डॉक्टरला आनंदच होईल. इंजेक्शनानंतर रुग्ण जगला तर डॉक्टरला वाटेल काम फसलं. हे सगळ्यांना पटत नाही हे मला माहीत आहे.

भूलवाला
पटणं कठीण आहे. मी स्वतः काढलंय मशीन. त्या रात्री हा फरक मला कधी पहाडाएवढा वाटलाय, कधी केसाएवढा.

तुळशीवृंदावन
बाईंच्या वर्गाला उपयोग होईल की नाही माहीत नाही, तरी लिहिते. चार वर्षांपूर्वी माझ्या बाबांना मेंदूत रक्तस्राव झाला. एका खासगी रुग्णालयात एकोणीस दिवस व्हेंटिलेटर. डॉक्टर रोज संध्याकाळी यायचे आणि "बघूया" म्हणायचे. भाऊ दुबईत, तो फोनवर म्हणायचा काही झालं तरी काढू नका. बिल मी भरत होते. विसाव्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही डामाच्या कागदावर सही करा आणि घरी न्या. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतो, असं लिहिलेलं असतं त्यात. मी सही केली. रुग्णवाहिकेत हाताने फुगा दाबत आणलं. माशेलला घरच्या सोप्यावर ठेवलं आणि अर्ध्या तासात सगळं झालं.

सल्ला त्यांचाच होता आणि कागदावर मात्र मी त्यांच्या सल्ल्याविरुद्ध वागले. भाऊ अजून धड बोलत नाही. बाबांना काय हवं होतं ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आमच्या घरी अमावास्येला मरणाचं नाव काढत नाहीत, आणि इतर दिवशीही काढत नाहीत.

भूलवाला
ताई, तुम्ही काही चुकीचं केलं नाही. तुमच्यावर जी सही टाकली ती रुग्णालयाने स्वतःवर घ्यायला हवी होती. डामा ही आपल्याकडची खरी पद्धत आहे, निकाल काहीही असोत. अवघड निर्णय नातेवाइकांच्या अक्षरात लिहून घ्यायचा. रुग्णवाहिकेत श्वास लागला तर औषध द्यायला कोणी नसतं, हे त्यातलं सर्वात वाईट.

रीतसर रस्ता असा आहे. 2018 चे नियम इतके जड होते की कोणी त्या वाटेला जात नसे, न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन बघायचं वगैरे. 24 जानेवारी 2023 ला ते हलके केले. आता उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असं पहिलं मंडळ बसतं. ते शक्यतो 48 तासांत मत देतं. मग दुसरं मंडळ, त्यातही तिघे. एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला आणि पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही तेवढाच वेळ. दोन्ही मंडळं हो म्हणाली आणि घरच्यांची संमती असली की न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. मग रुग्णालयातच, औषधं देऊन, माणसं जवळ बसवून उपचार थांबवता येतात. लिव्हिंग विल नसलं तरी हा रस्ता खुला असतो.

अडतं कुठे? दुसऱ्या मंडळासाठी माणूस वेळेत नेमला जात नाही. रुग्णालयाला पोलिसांची भीती वाटते. आणि "बघूया" म्हणणं सगळ्यात सोपं असतं.

तुळशीवृंदावन
दोन मंडळांबद्दल मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

पणजीचा काळा कोट
चार वर्षांपूर्वी म्हणजे 2021. तेव्हा जुनेच नियम होते, ताई. सांगितलं असतं तरी कदाचित त्यात महिना गेला असता.

वागातोरचा बाबू
ताई, वाचून वाईट वाटलं. माझी बायको म्हणते आपणही लिहून ठेवूया. हे नोटरीकडे चालतं ना?

पणजीचा काळा कोट
चालतं. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो बाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. तुमच्या वतीने बोलणारी एकाहून अधिक माणसं लिहा, म्हणजे एक जण दुबईत असला तरी अडणार नाही. एक प्रत पंचायतीत किंवा पालिकेत यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची, एक घरच्या डॉक्टरांकडे. कपाटात लॉक करून ठेवलेलं लिव्हिंग विल रात्री दोन वाजता कामाला येत नाही.

जिद्दी
सगळे पदेराबद्दल बोलताय, मीही बोलतो. मी सत्तरीचा, म्हणजे तालुका, वय एकतीस. बाविसाव्या वर्षी मोटारसायकलवरून पडलो, पाठीचा कणा. छातीखाली काही नाही. पहिल्या वर्षात मी मरण मागितलंय. एकदा नाही, रोज. तेव्हा कोणी "तुझा हक्क आहे" म्हणून कागद पुढे केला असता तर मी अंगठा उठवला असता. आज मी घरून हिशेब लिहितो, चार दुकानांची विवरणपत्रं भरतो आणि रविवारी मित्र मला वाळपईला फुटबॉल बघायला नेतात.

माझं म्हणणं असं की वर्गातल्या कागदावर नेहमी आमच्यासारखाच माणूस का असतो? चालता न येणारा, खाऊ घालावं लागणारा. धडधाकट माणसाने मरतो म्हटलं की त्याला वाचवायला सगळे धावतात. मी म्हटलं की म्हणतात, त्याचंही बरोबर आहे. देवाचा संबंध नाही यात. मी देव मानत नाही.

भूलवाला
जिद्दी, हा मुद्दा प्रतिकूल बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि मुलांना तो सुचणार नाही. बाई, तो त्यांच्या हाती द्या.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. जिद्दीचा आजार त्याला मारणारा नव्हता, पदेराचा आहे. नेदरलँड्समध्ये 2002 पासून कायदा आहे. त्यात विनंती स्वतःची आणि विचारपूर्वक हवी, यातना असह्य आणि सुधारणेची आशा नसलेल्या हव्यात, दुसरा वाजवी उपाय नको, आणि दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने तपासायला हवं. मरण जवळ असलंच पाहिजे, असं तिथे नाही. अमेरिकेच्या ओरेगॉनमध्ये मात्र सहा महिन्यांत मरणार असं निदान लागतं, आणि औषध रुग्णाने स्वतः घ्यायचं असतं. कॅनडाने 2016 मध्ये मरण नजीक असण्याची अट ठेवली होती आणि 2021 मध्ये काढली. अनुकूल बाजूने "परवानगी असावी" म्हणताना यातली कोणती, ते आधीच सांगायला हवं. ओरेगॉन म्हणाली तर जिद्दी वाचतो, पण वेदनेने तळमळणारा आणि अजून पाच वर्षं जगणारा माणूस बाहेर राहतो. नेदरलँड्स म्हणाली तर तो आत येतो आणि जिद्दीही येतो.

ओरेगॉनचं आणखी एक. दरवर्षी डॉक्टर लिहून ठेवतात की लोकांनी का मागितलं. वेदना हे पहिलं कारण नसतं. आपलं आपल्याला काही ठरवता येत नाही, आवडीचं काही करता येत नाही, ही कारणं वर असतात. घरच्यांना ओझं नको हेही बऱ्याच जणांचं असतं. मुलं तर नेहमी वेदनेवरच बोलतात.

मांडवीकाठ
म्हणजे वेदनेचा मुद्दा बादच?

भूलवाला
बाद नाही, तपासायचा. माझ्याकडे कर्करोगाचे एक आजोबा होते, रोज पहाटे तीनला हात जोडून म्हणायचे, डॉक्टर, संपवा. मॉर्फिन "दुखलं तर द्या" असं लिहिलेलं. म्हणजे दुखायचं, मग हाक मारायची, मग नर्स चावी शोधायची. दर चार तासांनी ठरवून द्यायला लागलो, सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो आणि त्याचंही दुखणं असतं. तिसऱ्या पहाटे त्यांनी पेज मागितली, वर आंब्याचं लोणचं. "संपवा" पुन्हा म्हणाले नाहीत. महिनाभराने गेले.

म्हणून विनंती आली की मी आधी बघतो: वेदना आवाक्यात आहे का, दम लागतोय का, झोप आहे का, उदासी आहे का, आणि हे बोलताना खोलीत कोण उभं असतं. सून बाहेर गेली की वाक्य बदलतं का. दोन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी विचारतो.

पण प्रामाणिकपणे दुसराही सांगतो. एक निवृत्त मास्तर, हाच एएलएस. दुखत नव्हतं, उदास नव्हते, घरची माणसं जीव लावणारी. तरी शांतपणे, अक्षरांच्या पाटीवर डोळ्यांनी दाखवत, तेच मागत राहिले. तीन महिने. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि देता येईल असं औषधही कायद्याने नव्हतं.

खरं_ते_बोल
पोर्तुगालने कायदा केलाय म्हणतात. आपलं अर्धं कायद्याचं पुस्तक तिकडूनच आलंय, तेव्हा गोव्याने घ्यायला काय हरकत?

पणजीचा काळा कोट
संसदेने अनेकदा मंजूर केला, कधी राष्ट्राध्यक्षांनी परत पाठवला, कधी घटना न्यायालयाने अडवला. मे 2023 मध्ये शेवटी प्रसिद्ध झाला, आणि एप्रिल 2025 मध्ये त्यातली काही कलमं न्यायालयाने पुन्हा रद्द केली. तिथे अजून कोणाला त्याखाली मरण मिळालेलं नाही. त्यांच्या घटनेत मानवी जीवन अनुल्लंघनीय आहे असं स्पष्ट लिहिलंय. आणि गोव्याकडे आहे तो वारसा-विवाहाचा दिवाणी कायदा. फौजदारी सगळ्या देशाचा एकच, तेव्हा नुसतं पणजीत बसून हे बदलता येत नाही. वर्गासाठी मात्र तो खटला उत्तम, दोन्ही बाजू एकाच कागदावर भेटतात.

मांडवीकाठ
ठरवलंय असं. पदेराचा एक पानी कागद सगळ्यांना आठवडाभर आधी. बाजू चिठ्ठी टाकून. बोलण्याआधी समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचा, तो "हो, हेच म्हणायचंय" म्हणाला तरच आपलं सुरू. मध्यंतरात बाजू बदलायच्या. मतदान नाही. जिद्दी, तुमचं म्हणणं नाव न घेता वाचून दाखवलं तर चालेल?

ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे किंवा ज्यांना हे झेपणार नाही, त्यांना कारण न विचारता ग्रंथालयात बसायची मुभा. दोघींनी आधीच सांगितलं. एकीशी मी वेगळं बोलले, समुपदेशक मॅडमशी गाठ घालून दिली.

जिद्दी
चालेल. फुटबॉलचं पण वाचा.

मांडवीकाठ
काल झालं. दीड तास, बाहेर मुसळधार पाऊस. मध्येच वीज गेली, अंधारातही मुलं बोलतच होती.

अनुकूल बाजूचा मुलगा पहिल्या वळणावर भरभर जिंकत गेला, कारण समोरचे त्याच्याशी सहमतच होते, आणि ते बघून तो गोंधळला. दुसऱ्या वळणावर प्रतिकूल बाजू आपसातच फुटली. तिसऱ्यावर जिद्दींचं वाचलं तेव्हा अनुकूल बाजूने ओरेगॉनची अट स्वीकारली. लगेच समोरून एकाने विचारलं, मग हक्क स्वतःवरचा आहे की सहा महिन्यांच्या दाखल्यावरचा? त्याचं उत्तर आलं नाही. बाजू बदलल्यावर त्याच मुलाला स्वतःचाच प्रश्न विचारला गेला आणि तो म्हणाला, मी मघाशी हुशार होतो.

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे आजोबा खरंच पदेर होते. ती म्हणाली, टीचर, या कागदावर दोन मंडळांचे सहा डॉक्टर आहेत, नोटरी आहे, न्यायदंडाधिकारी आहे, पंचायत आहे. पदेराची बायको कुठे आहे? मास्क कोण बांधतं रोज रात्री? तिला कोणी काही विचारलंय का?

घंटा झाली. मंगळवारी पुन्हा बसतोय, कागदावर बायको घालून.

भूलवाला
मी ती लिहिलीच नव्हती. अठरा वर्षं बघतोय तिला, आयसीयूच्या दाराबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर.

फातोर्ड्याचा रुझार
बायकोचं मत धरलं तर हक्क एकट्याचा राहत नाही, हा आमचा मुद्दा. पण बायको "सोडा त्यांना" म्हणाली तर आमचीही पंचाईत. मंगळवारचं नक्की लिहा.

तुळशीवृंदावन
ती मुलगी कोण आहे माहीत नाही, पण मी भावाला हा धागा पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्या, अजून उत्तर नाही.

वागातोरचा बाबू
आम्ही दोघं सोमवारी म्हापशाला जातोय नोटरीकडे. बायको म्हणते, माझ्या वतीने बोलणारा म्हणून तुमचं नाव घालणार नाही, तुम्ही वाचता एक आणि समजता दुसरंच. पुतण्याचं घालतेय.